उन्हाळी धानाची पाण्याची गरज: हवामानाच्या दैनिक नोंदींपासून पीक गुणांकापर्यंत

प्रश्नाची पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्यात धानाचे दोन हंगाम घेतले जातात आणि पाण्याच्या हिशेबात ते एकमेकांपासून फार दूर पडतात. खरिपातील धान बहुतांशी पावसावर आणि मालगुजारी तलावांच्या आधारावर उभे राहते; उन्हाळी धान मात्र इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाच्या कालव्यांवर, तलावांत उरलेल्या साठ्यावर किंवा विहिरी-बोअरवेलवर पूर्णपणे अवलंबून असते. जानेवारी-फेब्रुवारीत रोवणी झालेले हे पीक एप्रिलच्या कडक उन्हात निसवते आणि दाणा भरते. त्यामुळे बांधीतून दररोज किती पाणी हवेत जाते, हा प्रश्न येथे केवळ अभ्यासकांपुरता राहत नाही, तर धरणातील साठ्यावर किती हेक्टर उन्हाळी धानाला परवानगी द्यायची, या निर्णयाच्या मुळाशी तोच असतो.

या प्रश्नाचे उत्तर दोन टप्प्यांत काढण्याची रीत गेल्या अर्धशतकात रूढ झाली. पहिल्या टप्प्यात पिकाचा विचार बाजूला ठेवून केवळ हवेची पाणी ओढण्याची क्षमता मोजतात. जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून होणारे पर्णोत्सर्जन यांची बेरीज म्हणजे बाष्पपर्णोत्सर्जन. ते एका ठरावीक, सर्वत्र सारख्या मानलेल्या हिरवळीसाठी काढले की त्याला संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात त्या आकड्याला पीक गुणांकाने, म्हणजे प्रत्यक्ष पीक त्या हिरवळीच्या किती पट पाणी वापरते हे सांगणाऱ्या संख्येने, गुणतात. रीत दिसायला साधी आहे, परंतु दोन्ही टप्प्यांवर मतभेद आहेत, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात त्यांचा परिणाम शेवटच्या आकड्यावर ठळकपणे दिसतो.

सूत्रांची वाटचाल

1948 मध्ये हॉवर्ड पेनमन यांनी सूर्यापासून मिळणारी ऊर्जा आणि वाऱ्याने वाफ वाहून नेण्याची क्रिया ही दोन्ही कारणे एकाच सूत्रात बसवली. त्याच वर्षी थॉर्नथ्वेट यांनी केवळ तापमानावर आधारलेली सोपी पद्धत मांडली. पेनमन यांचे सूत्र मुळात उघड्या पाण्याचे होते. 1965 मध्ये जॉन मॉन्टिथ यांनी त्यात पानांच्या रंध्रांतून वाफ बाहेर पडताना होणारा अडथळा समाविष्ट केला आणि सूत्र वनस्पतींना लागू झाले. भारतात 1971 मध्ये के. एन. राव, सी. जे. जॉर्ज आणि के. एस. रामशास्त्री यांनी पेनमन पद्धतीने देशभरच्या बाष्पपर्णोत्सर्जनाचे आकडे काढले आणि ते पुढे नियोजनात दीर्घकाळ वापरले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1977 च्या सुधारित पुस्तिकेत, जी चोवीसावी पुस्तिका म्हणून ओळखली जाते, सुधारित पेनमन पद्धत आणि तिच्या जोडीला पीक गुणांकांचे तक्ते दिले. सिंचन खात्यांतील एका पिढीचे हिशेब या पद्धतीवर झाले. ही पद्धत पाणी जास्त दाखवते, विशेषतः हवेची ओढ कमी असलेल्या प्रदेशांत, अशा तक्रारी वाढल्यावर 1990 मध्ये रोम येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि 1998 मध्ये रिचर्ड ॲलन, लुईस परेरा, डर्क राइस आणि मार्टिन स्मिथ यांची छप्पन्नावी पुस्तिका आली. तिने 12 सेंटिमीटर उंचीची, पाण्याची कमतरता नसलेली, 23 टक्के प्रकाश परावर्तित करणारी काल्पनिक हिरवळ हा संदर्भ ठरवला आणि पुढील एकच सूत्र शिफारसले:

```
ETo = [0.408 Δ (Rn - G) + γ (900/(T+273)) u2 (es - ea)] / [Δ + γ (1 + 0.34 u2)]
```

यातील Rn ही पृष्ठभागाला मिळणारी निव्वळ ऊर्जा आणि G ही जमिनीत मुरणारी उष्णता असून एका दिवसाच्या हिशेबात G शून्य धरतात. T हे सरासरी तापमान आणि u2 हा जमिनीपासून 2 मीटर उंचीवरील वाऱ्याचा वेग होय. es - ea म्हणजे हवेत मावू शकणारी वाफ आणि प्रत्यक्ष असलेली वाफ यांच्या दाबातील फरक, ज्याला बाष्पदाबाची तूट म्हणता येईल. Δ ही तापमानानुसार बाष्पदाब किती वेगाने वाढतो ते सांगते, आणि γ हा हवेच्या दाबाशी निगडित स्थिरांक आहे. सूत्राच्या पहिल्या चौकोनी कंसातील पहिला भाग उन्हाचा आणि दुसरा वाऱ्याचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुढील चर्चा समजण्यास अडचण येत नाही.

एका दिवसाचा हिशेब

पद्धतीचे बलाबल तपासण्यासाठी गोंदियाच्या अक्षांशावर (सुमारे 21.5 अंश उत्तर) आणि 300 मीटर उंचीवर 15 एप्रिलचा एक दिवस घेता येतो. येथे धरलेल्या नोंदी उदाहरणादाखल आहेत: कमाल तापमान 40 आणि किमान 24 अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता सकाळी 50 आणि दुपारी 20 टक्के, लख्ख ऊन 9.5 तास, आणि 10 मीटर उंचीवर सेकंदाला 2 मीटर वारा.

वाऱ्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण चुका तेथेच अधिक होतात. जमिनीलगत वारा मंदावतो. म्हणून 10 मीटरवरील वेग 0.748 ने गुणून 2 मीटरवर आणला की तो 1.5 येतो. बाष्पदाब 40 अंशांवर 7.38 आणि 24 अंशांवर 2.98 किलोपास्कल असल्याने दोहोंची सरासरी 5.18 होते, आणि आर्द्रतेवरून हवेतील प्रत्यक्ष वाफ 1.48 येते, म्हणजे तूट 3.70. येथे घाईत सरासरी तापमानाचा, म्हणजे 32 अंशांचा बाष्पदाब घेतला तर तो 4.75 भरतो आणि तूट 3.27 वर येते. तापमान वाढताना बाष्पदाब सरळ रेषेत वाढत नाही, यामुळे हा फरक पडतो, आणि म्हणूनच कमाल व किमान या दोन्ही तापमानांवरून स्वतंत्रपणे बाष्पदाब काढण्याचा आग्रह धरला जातो.

त्या दिवशी वातावरणाच्या माथ्यावर प्रति चौरस मीटर 37.8 मेगाज्यूल ऊर्जा पोहोचते, 12.5 तासांच्या दिवसातील 9.5 तासांच्या उन्हाचा हिशेब लावला तर जमिनीवर 23.8 येते, आणि परावर्तन व रात्रंदिवस बाहेर जाणारी उष्णता वजा करता 12.75 उरते. Δ 0.269 आणि γ 0.065 घालून सूत्र सोडवले की उत्तर 6.7 मिलिमीटर येते. त्यांपैकी सुमारे 3.8 मिलिमीटर उन्हाच्या भागाचे आणि 2.9 वाऱ्याच्या भागाचे असल्याने, एप्रिलमध्ये वाऱ्याची नोंद चुकली तर उत्तर बरेच हलते.

किती हलते, तेही पाहता येते. 10 मीटरवरचा 2 हा वेग न बदलता तसाच घातला तर उत्तर 7.5 होते. भारतीय नोंदींत वारा बहुधा ताशी किलोमीटरमध्ये असतो, 1.5 ऐवजी ताशी 5.4 किलोमीटरमधला 5.4 हाच आकडा सूत्रात गेला तर उत्तर 11.5 मिलिमीटर निघते. दुसरी चूक तिच्या अतिरेकामुळे लगेच पकडली जाते. पहिली मात्र उत्तर पटण्याजोगे असल्याने वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. काही कृषी वेधशाळांत वाऱ्याचे यंत्र 3 मीटरच्या आसपास बसवलेले असते, त्यामुळे नोंदीसोबत यंत्राची उंची लिहिलेली नसेल तर तो वेग सूत्रात वापरण्याजोगा राहत नाही, असे म्हणावे लागते.

सोप्या पद्धतींची बाजू

या सूत्राला लागणाऱ्या सर्व नोंदी प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. महाराष्ट्रात 2017 पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांच्या नोंदी पूर्वीपेक्षा कितीतरी जवळून मिळू लागल्या, परंतु उन्हाच्या तासांची किंवा सौर ऊर्जेची नोंद त्यांच्या मूळ संचात नाही. अशा वेळी ऊर्जा कमाल-किमान तापमानातील फरकावरून काढण्याची मुभा छप्पन्नावी पुस्तिका देते: फरकाचे वर्गमूळ, माथ्यावरची ऊर्जा आणि समुद्रापासून दूरच्या प्रदेशासाठी 0.16 हा गुणक यांचा गुणाकार. वरील दिवसासाठी तो 24.2 येतो, उन्हाच्या तासांवरून निघालेल्या 23.8 च्या तो इतका जवळ आहे की एप्रिलपुरती ही तडजोड स्वीकारायला हरकत नाही.

हार्ग्रीव्ह्ज आणि समानी यांनी 1985 मध्ये मांडलेली पद्धत याहून पुढे जाते आणि केवळ तापमानावर भागवते. तिच्या समर्थकांचे म्हणणे असे की वारा आणि आर्द्रता यांच्या सदोष नोंदी घालून मोठे सूत्र चालवण्यापेक्षा तापमानाची विश्वासार्ह नोंद घेऊन छोटे सूत्र चालवणे बरे, आणि एप्रिलच्या उदाहरणात ते पटण्याजोगे आहे, कारण हार्ग्रीव्ह्ज 7.1 देते आणि पूर्ण सूत्र 6.7. पावसाळ्यात चित्र बदलते. ऑगस्टच्या मध्यातील 30 आणि 24 अंशांचा, 95 व 78 टक्के आर्द्रतेचा, जेमतेम 3 तास ऊन पडलेला आणि एप्रिलइतक्याच वाऱ्याचा दिवस धरला तर पूर्ण सूत्र 3.2 आणि हार्ग्रीव्ह्ज 3.9 देते. दमट हवेत ही पद्धत पाणी जास्त दाखवते, हा अनुभव जगभरचा आहे. खरिपात पाऊस असताना त्या फरकाने फारसे बिघडत नाही. मात्र सप्टेंबरात पावसाने उघडीप दिल्यावर तलावाचे पाणी किती दिवस पुरेल हे काढताना तो जाणवतो.

तिसरी बाजू बाष्पीभवन पात्राची. उघड्या पात्रातील पाणी किती उतरले ते मोजून 0.7 च्या आसपासच्या पात्र गुणांकाने गुणणे ही रीत शेतकऱ्यालाही समजते. भारतातील पात्रांवर पक्षी आणि जनावरे पाणी पिऊ नयेत म्हणून तारेची जाळी असते; तिच्यामुळे बाष्पीभवन सुमारे दहाव्या हिश्श्याने कमी होते. परदेशी तक्त्यातील गुणांक उघड्या पात्रांचे असल्याने तेच जाळीच्या पात्राला लावले की उत्तर त्या प्रमाणात कमी पडते.

गुणांकाचा टप्पा

छप्पन्नाव्या पुस्तिकेत धानाचे गुणांक सुरुवातीला 1.05, मध्यावस्थेत 1.20 आणि कापणीच्या वेळी 0.90 ते 0.60 असे आहेत. इतर अनेक पिकांचा सुरुवातीचा गुणांक रिकामी जमीन कोरडी असल्याने 0.3 किंवा 0.4 असतो, धानाचा तो रोवणीच्या दिवसापासूनच एकाहून अधिक आहे, कारण बांधीत उभे पाणी असते आणि रोप लहान असले तरी पाणी उघडे असते. म्हणूनच उभ्या पाण्यातील धानासाठी एक गुणांक पुरेसा आहे की जमिनीचे बाष्पीभवन आणि पिकाचे पर्णोत्सर्जन वेगळे काढणारे दोन गुणांक हवेत, हा एरवी गाजलेला वाद फारसा उरत नाही. आवत्या पद्धतीने पेरलेल्या किंवा पाणी आलटून-पालटून देण्याच्या शेतात मात्र जमीन काही दिवस कोरडी राहते, आणि तेथे दुहेरी गुणांकाशिवाय हिशेब नीट लागत नाही.

अधिक महत्त्वाचा मुद्दा असा की तक्त्यातील 1.20 हा आकडा दुपारची आर्द्रता 45 टक्के आणि वारा सेकंदाला 2 मीटर असलेल्या हवामानाचा आहे, आणि पुस्तिका तो स्थानिक हवामानानुसार बदलण्यास स्पष्टपणे सांगते. या सूचनेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पीक 1 मीटर उंच धरले तर 20 टक्के आर्द्रतेच्या एप्रिलमध्ये गुणांक 1.26 होतो, आणि वरील ऑगस्टसारखी 78 टक्क्यांची दमट स्थिती मध्यावस्थेत राहिली तर तो 1.09 वर उतरतो. ही दुरुस्ती एका दिवसाच्या नोंदीवर न करता संपूर्ण मध्यावस्थेच्या सरासरीवर करायची असते. येथे 15 एप्रिल हा त्या सरासरीचा प्रतिनिधी मानला आहे. त्या दिवसाची पिकाची गरज 6.7 गुणिले 1.26, म्हणजे सुमारे 8.4 मिलिमीटर निघते. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10 घनमीटर, त्यामुळे ही गरज दिवसाला 84 घनमीटर, म्हणजे 84 हजार लिटर होते.

गुणांक आणि सूत्र यांची जोडी न मोडणे हेही तितकेच आवश्यक आहे. चोवीसाव्या पुस्तिकेतील गुणांक तिच्या सुधारित पेनमन पद्धतीबरोबर वापरायचे होते. जुन्या नियोजनातील संदर्भ आकडे घेऊन त्यांना छप्पन्नाव्या पुस्तिकेतील गुणांक लावले, किंवा उलट केले, तर निघालेल्या उत्तराला कोणत्याही पद्धतीचा आधार राहत नाही. अवस्थांच्या दिवसांचेही असेच आहे. पुस्तिकेतील 30, 30, 60 आणि 30 दिवसांची विभागणी 150 दिवसांच्या धानाची आहे. येथील लवकर किंवा मध्यम मुदतीच्या वाणासाठी रोवणी, फुटवे, निसवणी आणि कापणी यांच्या प्रत्यक्ष तारखांवरून अवस्था बांधणे, हाच ग्राह्य मार्ग होय.

शेवटी, गुणांक केवळ हवेत गेलेल्या पाण्याचे उत्तर देतो. चिखलणीला लागणारे पाणी, बांधीच्या तळातून होणारा पाझर आणि पाटातील गळती त्यात नाही. चिखलणी चांगली झालेल्या भारी जमिनीत पाझर दिवसाला काही मिलिमीटर असतो, तर हलक्या जमिनीत तो पिकाच्या गरजेएवढा किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. कालव्यावरील पाणीवाटपात दिसणारी तफावत पुष्कळदा या बाबींची असते. ती गुणांक वाढवून भरून काढण्याची सवय हिशेबाला घातक ठरते, कारण मग कोणता दोष कोठे आहे ते ओळखता येत नाही.

न सुटलेला प्रश्न: कोरडे केंद्र

वरील सर्व चुका काळजी घेतल्यास टाळता येतात. एक प्रश्न मात्र काळजीने सुटत नाही. संदर्भ हिरवळ पाण्याने तृप्त मानलेली आहे, आणि सूत्रात घालायच्या नोंदीही तशाच हिरवळीवरच्या असाव्यात, अशी अट आहे. एप्रिलमध्ये हवामान केंद्राभोवतीची जमीन बहुधा वाळलेली असते. तेथील हवा ओलिताच्या शेतावरील हवेपेक्षा तापलेली आणि कोरडी असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. ओल्या परिसरात पहाटेचे किमान तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतील वाफ ज्या तापमानाला दव होऊन जमू लागते त्याच्या, अगदी जवळ येते. उदाहरणातील दिवसाचा दवबिंदू सुमारे 12.9 अंश आहे आणि किमान तापमान 24. अंतर 11 अंशांचे आहे, जेथे पुस्तिका सुमारे 2 अंश अपेक्षिते.

पुस्तिकेच्या परिशिष्टातील दुरुस्ती अशी की जादा अंतराचा अर्धा भाग तापमानांतून वजा करावा आणि तेवढाच दवबिंदूत मिळवावा. तसे केले तर कमाल तापमान 35.4, किमान 19.4 आणि दवबिंदू 17.4 होतो, आणि संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन 6.7 वरून 5.8 वर येते. दुपारची आर्द्रताही वाढल्याने गुणांक 1.26 ऐवजी 1.21 होतो आणि पिकाची गरज 8.4 ऐवजी 7.0 मिलिमीटर ठरते. मध्यावस्था 40 दिवसांची धरली तर दोन उत्तरांतील फरक हेक्टरी 560 घनमीटर होतो. हार्ग्रीव्ह्ज आणि पूर्ण सूत्र यांच्यातील एप्रिलचा मतभेद याच्यापुढे किरकोळ वाटतो.

दुरुस्तीच्या बाजूने असणारे म्हणतात की सूत्राची अट पाळली नाही तर उत्तराला अर्थ नाही. विरोधकांचा युक्तिवादही दुबळा नाही: कोरड्या शिवाराच्या मधोमध असलेल्या उन्हाळी धानाच्या चार बांध्यांवर आजूबाजूची तापलेली हवा खरोखरच वाहत येते आणि ऊन देईल त्याहून अधिक पाणी उडवते, त्यामुळे केंद्राने नोंदलेला कोरडेपणा दूर करणे म्हणजे वास्तवातील एक कारण पुसून टाकणे होय. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असू शकतात. इटियाडोहच्या लाभक्षेत्रात सलग ओलित असेल तेथे हवा स्वतःच थंड व दमट होत जाते आणि दुरुस्त आकडा जवळचा ठरतो. बोअरवेलवरच्या एकट्या तुकड्याला मूळ आकडा किंवा त्याहून थोडा अधिक लागू पडतो. एकाच केंद्राच्या एकाच दिवसाच्या नोंदीतून दोन शेतांसाठी दोन उत्तरे निघावीत, हे नियोजनाच्या चौकटीत बसवणे अवघड आहे.

उतेऱ्याचा प्रश्न आणखी मागे पडला आहे. उभ्या धानात फेकलेली लाखोळी किंवा जवस धानाच्या कापणीपूर्वीच उगवते आणि पुढे उरलेल्या ओलीवर वाढते. एका पिकाची शेवटची आणि दुसऱ्याची पहिली अवस्था एकाच जमिनीत एकाच वेळी चालू असताना गुणांक कोणता, याचे उत्तर प्रचलित तक्त्यांत नाही. सिंचन दिलेच जात नसल्याने तेथे गुणांकापेक्षा जमिनीत उरलेली ओल हाच खरा निर्णायक घटक ठरतो.

हे वाद निकाली काढण्याचे साधन नवे नाही. लायसिमीटर, म्हणजे जमिनीत पुरलेली आणि आतील पाण्याचा जमाखर्च मोजता येईल अशी टाकी, सलग ओलिताच्या मध्यभागी एक आणि एकट्या तुकड्यात एक बसवून निदान दोन-तीन उन्हाळी हंगाम मोजमाप घ्यावे लागेल. तोपर्यंत एप्रिलमधील मध्यावस्थेच्या धानासाठी पाझर वगळून दिवसाला 7 ते 8.5 मिलिमीटर अशी व्याप्ती देणे, आणि तिच्यासोबत वाऱ्याच्या यंत्राची उंची व केंद्राभोवतीची जमीन ओली होती की कोरडी हे नोंदवणे, एवढेच हाती असलेल्या पुराव्याला धरून होईल.